पाच पट की सहा पट? एका पिक ग्लासच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

बारावीच्या दोघी मुली प्रकल्पाला विषय मागायला घरी आल्या होत्या. विषय टेबलावरच पडलेला होता. बाबांनी इचलकरंजीत उभा जन्म यंत्रमागाचं कापड तपासण्यात घालवला, आणि त्यांची पितळी पिक ग्लास अजून रोजच्या वापरात आहे. ती तीन पानांची घडी असते. खालच्या पानाला एक इंच लांब, एक इंच रुंद अशी चौकोनी खिडकी, मधलं पान उभं राहतं, वरच्या पानात भिंग. घडी उघडून कापडावर ठेवायची, डोळा भिंगाला लावायचा आणि खिडकीत दिसणारे ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजायचे. वरच्या पानावर ५X असा ठसा आहे.

मुलींनी बाजारातून एक हातभिंग आणलं होतं. त्याच्या दांड्यावर ६X छापलंय. एकीने दोन्हींतून एकच कापड आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, मला तर धागे दोन्हीत सारखेच वाटतात. मग एक पाच पट आणि एक सहा पट कसं?"

दुसरी गप्प होती. तिचं लक्ष बाबांकडे होतं. बाबांनी पिक ग्लास हातात घेतली, डोळ्यावरची चाळिशी काढून कपाळावर सरकवली, धागे मोजले आणि चाळिशी परत खाली ओढून आकडा वहीत लिहिला. ती म्हणाली, "आजोबा, वही वाचायला चष्मा लागतो आणि त्याहून बारीक धागा बिनचष्म्याचा दिसतो?" बाबा म्हणाले, "हो, ह्याच्यात चष्मा नाही लागत. कधीच नाही लागला."

हे दोन प्रश्न म्हणजेच आमचा प्रकल्प. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे असा माझा अंदाज आहे, पण मुलींना आज ते सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर

आधी दोन्ही भिंगांचं नाभीय अंतर मोजलं. प्रकाशीय पट्टीवर दिवा लावलेली जाळी आणि पडदा ३० सेमी अंतरावर पक्के केले आणि भिंग मधे सरकवलं. पडद्यावर स्पष्ट प्रतिमा भिंगाच्या दोन जागी मिळते, एकदा मोठी आणि एकदा लहान. त्या दोन जागांमधलं अंतर मोजलं की f = (S² − d²)/4S हे सूत्र. इथे S म्हणजे जाळी ते पडदा अंतर आणि d म्हणजे भिंग किती सरकलं ते. ही पद्धत मला आवडते, कारण चौकटीत बसवलेल्या भिंगाचा मध्य नेमका कुठे आहे हे माहीत असावं लागत नाही. चौकटीची एक कड धरून सरक मोजली तरी पुरतं.

हातभिंग १७.२ सेमी सरकलं, म्हणून f = ५.०३ सेमी. पिक ग्लासचं भिंग १७.३ सेमी सरकलं, म्हणून f = ५.०१ सेमी. आमच्या मोजणीत एवढा फरक धरण्याजोगा नाही. म्हणजे भिंगाची ताकद एकच, ठसे मात्र दोन. मुलीच्या डोळ्याला सारखं वाटलं ते बरोबरच होतं.

"म्हणजे एकाने खोटं छापलंय," असं लगेच ठरलं. मी म्हटलं, थोडं थांबू या.

२२ नोव्हेंबर

आज फळ्यावर काम. सुरुवात एका चांगल्या शंकेने झाली. पुस्तकात लिहिलंय की वस्तू नाभीवर ठेवली तर प्रतिमा अनंत अंतरावर मिळते आणि ती अनंत मोठी असते. मग भिंग अनंत पट मोठं का दाखवत नाही?

कारण डोळा प्रतिमेची उंची मोजत नाही, कोन मोजतो. प्रतिमा अनंत मोठी असली तरी ती अनंत लांबही आहे, आणि त्या दोन्हींचा भागाकार, म्हणजे डोळ्याशी होणारा कोन, ठरावीक राहतो. साध्या भिंगासाठी जे महत्त्वाचं ते हे कोनीय विशालन. भिंगातून पाहताना प्रतिमेचा डोळ्याशी होणारा कोन भागिले तीच वस्तू नुसत्या डोळ्याने २५ सेमीवरून पाहताना होणारा कोन. हे २५ सेमी म्हणजे सुस्पष्ट दृष्टीचं लघुत्तम अंतर, डोळ्याचा निकट बिंदू. ते सगळ्यांसाठी ठरवून घेतलेलं अंतर आहे. मुलींचा खरा निकट बिंदू याहून जवळ असतो आणि बाबांचा कितीतरी लांब गेलेला आहे, हे लक्षात ठेवायचं.

डोळा भिंगाला अगदी चिकटलेला मानला तर हिशेब सोपा आहे. h उंचीची वस्तू भिंगापासून u अंतरावर असेल तर तिचा कोन h/u. भिंगामुळे हा कोन बदलत नाही, कारण भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण सरळ जातो. नुसत्या डोळ्याचा कोन h/D, जिथे D = २५ सेमी. म्हणून

M = D/u

एवढंच. भिंगाने केलं काय, तर वस्तू २५ सेमीऐवजी ५ सेमीवर आणून ठेवली तरी ती स्पष्ट दिसेल अशी सोय केली. हे वाक्य मी मुलींकडून दोनदा लिहून घेतलं, कारण भिंग वस्तूला फुगवतं असं चित्र डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

आता u किती ठेवायचं, हे पाहणाऱ्याच्या हातात आहे. वस्तू नाभीवर ठेवली, u = f, तर प्रतिमा अनंतावर आणि M = D/f. वस्तू आणखी थोडी जवळ आणली तर प्रतिमा अनंतावरून जवळ येऊ लागते. ती डोळ्यापासून २५ सेमीवर येईपर्यंतच आणायची, त्याहून जवळ आली तर आपण मानलेला डोळा ती स्पष्ट पाहू शकत नाही. तिथे १/u = १/f + १/D, म्हणून M = १ + D/f.

आमच्या आकड्यांत २५/५.०३ = ४.९७ आणि १ + ४.९७ = ५.९७. एक पाच, एक सहा.

वर्गात शांतता. मग "म्हणजे दोघांनीही खरंच छापलंय?" असा प्रश्न आला. कागदावर तरी तसं दिसतंय. आता हे मोजून दाखवायचं.

२५ नोव्हेंबर

जुनी दोन डोळ्यांची पद्धत वापरली. एक डोळा भिंगाला लावून मिलिमीटरची पट्टी पाहायची, दुसऱ्या उघड्या डोळ्याने २५ सेमीवरची दुसरी पट्टी. थोड्या सवयीने दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दिसू लागतात आणि भिंगातल्या १ मिमीत बाहेरचे किती मिमी बसतात ते मोजता येतं.

प्रतिमा २५ सेमीवर असताना पद्धत छान चालली. दोघींना ५.८ च्या आसपास मिळालं. डोकं किंचित हलवलं तरी दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकत नव्हत्या, म्हणजे दोन्ही एकाच अंतरावर होत्या, ही खूण पक्की.

प्रतिमा अनंतावर ठेवायला गेलो आणि सगळं विस्कटलं. एकीला ५.५, दुसरीला ५.१, परत केलं तर ५.३. कारण शोधायला वेळ लागला नाही. माणसाचे दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच अंतरावर जुळवून घेतात. एक डोळा अनंतावर आणि दुसरा २५ सेमीवर, असं करता येत नाही. बाहेरची पट्टी स्पष्ट पाहायला गेलं की भिंगामागचा डोळाही जवळचं पाहू लागतो, आणि मग प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी नकळत भिंग पुढे-मागे होतं. तरुण डोळ्याला भिंगापासून ४.२ सेमी ते ५ सेमी या पट्ट्यात वस्तू कुठेही ठेवली तरी स्पष्टच दिसते. डोळा स्वतःला जुळवून घेतो आणि जुळवल्याचं आपल्याला कळूही देत नाही. म्हणून "शिथिल डोळ्याने पाहा" ही सूचना या मुलींसाठी निरुपयोगी आहे.

शिथिल राहा म्हटलं की शिथिलच राहील असा डोळा हवा.

२९ नोव्हेंबर

तो डोळा खिशातच होता. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फोकस हाताने धरून ठेवायची सोय असते. एका टोकाला फुलाचं चिन्ह, दुसऱ्या टोकाला डोंगराचं. फोकस डोंगरावर अडकवला की तो शिथिल डोळा, २५ सेमीवर अडकवला की निकट बिंदूवर ताणलेला डोळा. फोटोतले पिक्सेल मोजले की कोन मिळतो.

पहिला दिवस वाया गेला. मुलींनी फोकस आपोआप चालू ठेवून वीस फोटो काढले आणि विशालन ५.० ते ५.७ असं कुठेही आलं. कॅमेराही त्यांच्या डोळ्यांसारखाच वागला, समोर जे येईल त्याला जुळवून घेत गेला. तो सगळा संच रद्द केला, पण वहीत ठेवलाय, कारण परवाच्या गोंधळाचं हेच चित्र आहे.

दुसरी अडचण बारीक होती. डोंगराचं चिन्ह म्हणजे अनंत असेलच असं नाही. सरकपट्टी टोकाला नेली तर लांबची पाण्याची टाकी उलट अस्पष्ट झाली, टोकाच्या जरा अलीकडे ती स्वच्छ दिसली. ती जागा अनंत म्हणून धरली.

तिसरी अडचण मी आधीच ओळखायला हवी होती. कॅमेरा जवळ फोकस करतो तेव्हा त्याचं भिंग संवेदकापासून किंचित पुढे सरकतं आणि त्यामुळे तोच कोन जरा जास्त पिक्सेल व्यापतो. अनंत आणि २५ सेमी यांत हा फरक जवळपास २ टक्के निघाला. म्हणून अनंतावरच्या फोटोची तुलना २५ सेमीवर फोकस केलेल्या फोटोशी करायची नाही. प्रत्येक फोकसची स्वतःची मोजपट्टी हवी.

२५ सेमीवरची सोपी आहे. तिथेच पट्टी ठेवली, ५ सेमीचे ५९१ पिक्सेल आले. अनंतासाठी मुलींनीच युक्ती काढली, आणि ती मला फार आवडली. २५ सेमीवरच्या ५ सेमीचा कोन आणि २५० सेमीवरच्या ५० सेमीचा कोन एकच. म्हणून मीटरपट्टी अडीच मीटरवर भिंतीला लावली आणि तिचे ५० सेमी मोजले. ५८० पिक्सेल. म्हणजे २५ सेमीवरचा १ सेमी हा अनंत फोकसवर ११६ पिक्सेल आणि जवळच्या फोकसवर ११८.२.

२ डिसेंबर

अनंताचं मोजमाप. कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर अडकवला, हातभिंग कॅमेऱ्यासमोर स्टँडला लावलं, भिंगाचा मध्य कॅमेऱ्याच्या काचेपासून १ सेमी. याहून जवळ चौकट येऊ देत नाही. पट्टी पुढे-मागे करून रेघा सर्वांत स्वच्छ झाल्या तिथे थांबलो. पट्टी भिंगापासून ५ सेमीवर होती, जशी असायला हवी तशी.

मधले १० मिमी मोजले, ५७७ पिक्सेल. ५७७/११६ = ४.९७. फक्त मधलेच मिमी घ्यायचे, कारण कडेला रेघा वाकतात आणि ताणल्या जातात. एकीने आधी २५ मिमी घेतले होते तेव्हा उत्तर फुगून आलं होतं.

पट्टी अर्धा मिमी पुढे-मागे झाली तरी रेघा स्वच्छच वाटतात, त्यामुळे एक-दीड टक्का चूक गृहीत धरली आहे. तरीही पाच आणि सहा यांच्यात निवाडा करायला एवढी अचूकता पुरेशी आहे.

४ डिसेंबर

निकट बिंदू. फोकस २५ सेमीवर अडकवला, बाकी मांडणी तीच. पट्टी आता भिंगाच्या आणखी जवळ, ४.२ सेमीच्या किंचित आत आणल्यावर स्वच्छ झाली. १० मिमीचे ६८२ पिक्सेल. ६८२/११८.२ = ५.७७.

मुली हिरमुसल्या. सूत्र ५.९७ म्हणतं. चूक शोधायला त्यांनी पिक्सेल तीनदा मोजले. मग एकीने मांडणीचं चित्र काढलं आणि त्या १ सेमीवर बोट ठेवलं. सूत्र काढताना आपण डोळा भिंगाला चिकटलेला मानला होता आणि इथे मधे १ सेमी आहे. प्रतिमा कॅमेऱ्यापासून २५ सेमीवर आहे, म्हणजे भिंगापासून २४. डोळा भिंगापासून a अंतरावर असेल तर सूत्र होतं

M = १ + (D − a)/f

आणि १ + २४/५.०३ = ५.७७. दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळलं. एवढं जुळण्यात थोडा नशिबाचाही भाग आहे, हे त्यांना सांगितलं.

मग प्रश्न आपोआपच आला. परवा अनंताच्या वेळीही हा १ सेमी होताच. तिथे तो का जाणवला नाही?

६ डिसेंबर

आजचा दिवस या प्रकल्पाचा गाभा. भिंग कॅमेऱ्यापासून आधी ५ सेमीवर आणि मग १० सेमीवर नेलं आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही फोकसवर फोटो काढले.

अनंत फोकसवर १० मिमीचे पिक्सेल १ सेमीला ५७७, ५ सेमीला ५७६, १० सेमीला ५७८ आले. विशालन जागचं हललंच नाही. डोळा कुठेही न्या, ४.९७.

निकट बिंदूच्या फोकसवर मात्र १ सेमीला ६८२, ५ सेमीला ५८८ आणि १० सेमीला ४७०. म्हणजे ५.७७ वरून ४.९७ वर आणि तिथून ३.९८ वर. सहा पटीचं भिंग चार पटीवर आलं. भिंग तेच, फक्त ते डोळ्यापासून लांब गेलं.

दोन गोष्टी इथे नीट पाहण्याजोग्या आहेत. पहिली, १० सेमीवर पट्टी भिंगाच्या आणखी जवळ, ३.८ सेमीच्याही आत आणावी लागली, कारण प्रतिमा डोळ्यापासून २५ म्हणजे भिंगापासून फक्त १५ सेमीवर हवी होती. वस्तू भिंगाच्या जितकी जवळ तितकं विशालन जास्त, असं मुलींचं मत झालं होतं. इथे वस्तू जवळ आली आणि विशालन घटलं.

दुसरी, ५ सेमीवर दोन्ही उत्तरं एकच आली. हा योगायोग नाही. ५ सेमी म्हणजे डोळा भिंगाच्या नाभीवर. वस्तूच्या टोकाकडून अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगातून वळून याच नाभीतून जातो. वस्तू अक्षावर पुढे-मागे सरकवली तरी हा किरण बदलत नाही, कारण तो समांतरच आहे. डोळा नाभीवर असेल तर त्या किरणाचा कोन, h/f, हाच प्रतिमेचा कोन. म्हणून वस्तू कुठेही असो, प्रतिमा जवळ असो की अनंतावर, M = D/f. डोळा नाभीच्या आत असेल तर प्रतिमा जवळ आणण्याने फायदा होतो आणि नाभीच्या बाहेर गेला तर तोटा. पुस्तकात १ + D/f हे नेहमी D/f पेक्षा मोठं छापलेलं असतं, आणि त्याच्याखालची "डोळा भिंगाला लागून" ही अट वाचकाच्या नजरेतून निसटते. सहावा पट सगळा त्या अटीवर उभा आहे.

यातून एक सोपी कसोटी मिळाली, कॅमेऱ्याशिवायची. भिंग आणि वस्तू पक्की ठेवायची आणि डोकं मागे घ्यायचं. धाग्यांचा आकार तोच राहिला तर प्रतिमा अनंतावर आहे. आकार घटत गेला तर ती कुठेतरी जवळ आहे.

९ डिसेंबर

आता पिक ग्लास. तिच्यात पाहणाऱ्याला काहीच निवडायचं नसतं, उंची कारागिराने ठरवून दिलेली. ती उघडून कापडावर ठेवली आणि अनंत फोकसवर अडकवलेला कॅमेरा वर धरला. धागे एकदम स्वच्छ. फोकस २५ सेमीवर नेला, धागे पुसट. कॅमेरा वर-खाली केला, धाग्यांची जाडी तेवढीच. म्हणजे भिंगाची उंची नाभीय अंतराइतकी ठेवली आहे आणि प्रतिमा अनंतावर आहे. ५X हा ठसा D/f च्या हिशेबाने मारलेला, आणि या उपकरणासाठी तोच खरा.

बाबांच्या चाळिशीचाही उलगडा झाला. त्यांची लांबची नजर चांगली आहे, फक्त जवळचं पाहायला डोळ्याला जोर राहिलेला नाही. पिक ग्लास त्यांना धागा ५ सेमीवरून दाखवते, पण डोळ्याकडे येणारे किरण क्षितिजावरून आल्यासारखे समांतर असतात. लांबचं पाहणाऱ्या डोळ्याला चाळिशीची गरज नाही. उलट चाळिशी लावून पाहिलं तर धागे अस्पष्ट होतील. बाबांनी लावून पाहिली आणि म्हणाले, "हां, बिघडतंय."

एक हिशेब त्यांच्यासाठी केला. त्यांच्या तुकड्यात इंचाला ६० धागे आहेत, म्हणजे दोन धाग्यांमधलं अंतर ०.४२ मिमी. २५ सेमीवरून याचा कोन जेमतेम ६ कला भरतो, एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चांगला डोळा १ कला वेगळी करू शकतो, म्हणजे तरुण माणसाला हे धागे नुसत्या डोळ्यानेही दिसतात, पण मोजताना नजर घसरते. ५ पटीला कोन २९ कला होतो, ६ पटीला ३५. मोजणीला २९ भरपूर आहे. उरलेल्या ६ कलांसाठी दिवसभर डोळा २५ सेमीवर ताणून ठेवायला कोण तयार होईल? दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्यासाठी अनंताचीच मांडणी योग्य, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग डोकं कुठेही ठेवलं तरी चालत असेल तर बाबा एवढे वाकतात का? विशालन बदलत नाही, पण दिसणारा तुकडा बदलतो. वस्तू नाभीवर असताना डोळ्याला एका वेळी दिसणारी रुंदी सुमारे f गुणिले भिंगाचा व्यास भागिले a. भिंग ३ सेमीचं आहे. डोळा १० सेमीवर असला तर दीड सेमीच दिसतो, इंचाची खिडकी दोन्हीकडून कापली जाते. पूर्ण इंच दिसायला डोळा ६ सेमीच्या आत हवा. मुलींनी पट्टी धरून मोजलं, बाबांचा डोळा भिंगापासून ४ सेमीवर होता.

११ डिसेंबर

तो जादाचा एक येतो कुठून, हे एकदा उघड दाखवायचं राहिलं होतं. नाभीय अंतर मीटरमध्ये घेतलं तर भिंगाची शक्ती १/०.०५०३ म्हणजे १९.९ डायॉप्टर, आणि त्याला ४ ने भागलं की ४.९७. म्हणजे १ पट म्हणजे ४ डायॉप्टर. २५ सेमीवर पाहताना डोळा स्वतःची शक्ती ४ डायॉप्टरने वाढवतो. म्हणून १ + D/f मधला १ हा भिंगाचा नाहीच, तो पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या समायोजन शक्तीचा आहे. भिंगावर ६X छापणारा त्यातला एक पट ग्राहकाच्या डोळ्यातून धरून चालतो.

हे खरं असेल तर शिथिल डोळ्याला तेवढ्याच शक्तीची काच लावली की सहावा पट परत मिळायला हवा. गावातल्या चष्म्याच्या दुकानातून ट्रायल बॉक्समधली +४ ची काच तासाभरासाठी मागून आणली. कॅमेरा अनंतावर अडकवलेला, त्याला ती काच चिकटवली, पुढे हातभिंग. भिंगाचा मध्य काचेपासून १.२ सेमी. पट्टी स्वच्छ झाली तेव्हा १० मिमीचे ६६५ पिक्सेल. अनंताच्या मोजपट्टीने ६६५/११६ = ५.७३, आणि सूत्र १ + २३.८/५.०३ = ५.७३ म्हणतं. काच काढली की परत ५७७.

माझं वय अठ्ठेचाळीस. चाळिशी काढली तर मला साधारण ५० सेमीच्या आतलं वाचता येत नाही, म्हणजे माझ्याकडे २ डायॉप्टर उरले आहेत. म्हणून या ६X भिंगातून मला जास्तीत जास्त साडेपाच पट मिळतं, मुलींना निदान सहा आणि बाबांना पाच. भिंग एकच.

भिंग जितकं कमजोर तितकं हे जास्त बोचतं. पंचांग वाचायला घरात असतं तसं २५ सेमी नाभीय अंतराचं मोठं भिंग घेतलं तर एका सूत्राने ते २X आणि दुसऱ्याने १X. उलट टोकाला, डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक. सतराव्या शतकात त्याने बनवलेल्या भिंगांपैकी उट्रेख्टला जपलेलं एक २६६ पट दाखवतं, त्याचं नाभीय अंतर १ मिमीहूनही कमी. तिथे एक मिळवला काय, न मिळवला काय.

१४ डिसेंबर

अहवाल बांधून झाला. मुलींनी दोन्ही भिंगांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या आहेत. पिक ग्लासच्या चिठ्ठीवर f = ५.०१ सेमी, प्रतिमा अनंतावर, ५ पट, डोळा कुठेही. हातभिंगाच्या चिठ्ठीवर f = ५.०३ सेमी, डोळा भिंगाला लावून आणि २५ सेमीवर जुळवता येत असेल तर ६ पट, डोळा ५ सेमीवर असेल तर ५ पट, १० सेमीवर नेऊन प्रतिमा २५ सेमीवरच ठेवली तर ४ पट.

परीक्षकांसमोर दाखवायला तीन अंतरांचे सहा फोटो एका तक्त्यावर लावले आहेत. वरच्या ओळीत अनंत, खालच्या ओळीत निकट बिंदू. वरचे तिन्ही सारखे, खालचे उतरत जाणारे. एक दुरुस्ती बाकी आहे. खालच्या ओळीतला १० सेमीचा फोटो छापताना मोठा केला गेलाय, त्यामुळे तो ५ सेमीच्या फोटोएवढाच दिसतो. सहाही फोटो एकाच प्रमाणात परत छापून घ्यायचे. बाबांची पिक ग्लास त्याआधी परत द्यायची आहे, त्यांना उद्या कापड बघायला बोलावलंय.